चेहऱ्यावरच्या रेषा आणि त्वचेची देखभाल

मैत्रिणींनो, नमस्कार.

बोलायला सुरुवात करण्याआधी बसल्या जागी एक करा. बाही थोडी वर सरकवा आणि दंडाच्या आतल्या बाजूची, काखेजवळची त्वचा नीट बघा. हात फिरवून बघा. आता त्याच हाताच्या पंजाची मागची बाजू बघा. दोन्हीकडची त्वचा तुमचीच आणि वयही सारखंच. तरी आतली त्वचा मऊ, एकाच रंगाची, आणि पंजावरची सुरकुतलेली, कुठे कुठे तपकिरी ठिपके आलेली. हा फरक मुख्यतः उन्हाने केला आहे. ‘आता वय दिसायला लागलं’ असं आपण म्हणतो, त्यातला बराचसा वाटा वर्षानुवर्षं अंगावर घेतलेल्या उन्हाचा असतो.

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 2012 साली एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. वय 69, आणि 28 वर्षं मालाची गाडी चालवलेली. त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू जाड, खोल सुरकुत्यांची, आणि उजवी बाजू पुष्कळ तरुण. काच बंद असली तरी अतिनील ‘ए’ किरण बऱ्याच प्रमाणात आत येतात. त्यांनी कातडी लाल होत नाही, भाजत नाही, म्हणून आपल्याला कळतही नाही. पण ते खोलवर जाऊन त्वचेला ताठ ठेवणारे कोलॅजेनचे धागे तोडत राहतात.

आता वयाचा स्वतःचा वाटा. तारुण्यातच कोलॅजेन हळूहळू कमी व्हायला लागतं. पाळी गेल्यावर हा वेग एकदम वाढतो. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी झाल्यामुळे पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं जवळपास 30 टक्के कोलॅजेन जाऊ शकतं. तेलग्रंथी मंदावतात, त्वचा कोरडी पडते, खाज सुटते. गालांतली चरबी कमी होते, जागा बदलते. चेहऱ्याची हाडंसुद्धा झिजतात, डोळ्यांच्या खोबण्या रुंदावतात. चेहरा ओघळल्यासारखा दिसतो तो या सगळ्यामुळे. हे मी मुद्दाम सविस्तर सांगते आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी स्वतःलाच दोष देत बसतात. ‘मी काळजीच घेतली नाही हो डॉक्टर.’ बायांनो, हाडं झिजली यात तुमची काय चूक? कुठलंही क्रीम हाडापर्यंत पोचत नाही, तसा दावा कोणी केला तर विश्वास ठेवू नका.

रेषा स्वीकारा असं सांगणं सोपं आहे, हे मला माहीत आहे. रोज कोणीतरी ‘किती थकलेली दिसतेस, बरं नाही का?’ असं विचारत असताना ते जड जातं. एक बाई माझ्याकडे हातांच्या खाजेसाठी आल्या होत्या. कोपरापर्यंत ओरखडे, त्वचा कोरडी ठक्क. पण त्या बोलत होत्या फक्त भुवयांमधल्या दोन रेषांबद्दल. फोटो काढायची वेळ आली की मी उठून आत जाते, म्हणाल्या. खाजेने रात्र रात्र झोप नव्हती, ते मात्र त्यांनी मी विचारल्यावर सांगितलं. मला त्याचं फार वाईट वाटलं. दुखणाऱ्या, खाजणाऱ्या त्वचेपेक्षा दिसणाऱ्या रेषेचीच काळजी करायची सवय आपल्याला लावली गेली आहे.

म्हणून या गटात तरी एक पाळूया. भेटल्या भेटल्या एकमेकींच्या चेहऱ्यावर शेरा नको. ‘बारीक झालीस’, ‘काळवंडलीस’, ‘सुरकुत्या आल्या गं’, काहीच नको. आणि मोठं करून दाखवणारा आरसा घरात असेल तर तो काढून टाका. तितक्या जवळून तुम्हाला कोणीही बघत नाही. मोबाइल हाताच्या अंतरावर धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि चेहरा वेगळाच येतो, तोही तुमचा खरा चेहरा समजू नका.

कोणाला बोटॉक्स करून घ्यायचं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो, हे लक्षात ठेवा, आणि पात्रताधारक डॉक्टरकडेच जा. पण घरच्यांच्या टोमण्यांमुळे जात असाल तर थोडं थांबा, इतकंच माझं म्हणणं.

देखभालीला फार वस्तू लागत नाहीत. सकाळी सनस्क्रीन. ‘एसपीएफ’ 30 किंवा जास्त, आणि डब्यावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलेलं हवं, म्हणजे ‘ए’ किरणांपासूनही संरक्षण मिळतं. बहुतेक जणी फारच कमी लावतात. तर्जनी आणि मधलं बोट, या दोन्ही बोटांवर टोकापासून बुडापर्यंत एकेक रेघ काढा, तेवढं चेहरा आणि मानेला लागतं. कानांच्या पाळ्या आणि पंजे विसरू नका. बाहेर उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. टोपी, छत्री, सावली यांचाही उपयोग मोठा आहे.

अंघोळीला कोमट पाणी घ्या, कढत नको. अंग टिपून घ्या आणि ते ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. त्या खाजेच्या बाईंना मी आधी एवढंच सांगितलं होतं, सोबत सौम्य, बिनवासाचा साबण. साधं, बिनवासाचं क्रीम पुरतं, महाग असलं म्हणजे चांगलं असं नाही. घासणी, दगड, खरखरीत स्क्रब यांनी पातळ झालेली त्वचा सोलवटते. बारीक रेषांसाठी रेटिनॉल, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाचा एक प्रकार असलेलं क्रीम, लावायचं असेल तर रात्री, वाटाण्याएवढं, आठवड्यातून दोनदा सुरू करा. आधी थोडी जळजळ होते, सालपटं निघतात. फरक दिसायला काही महिने लागतात. गरोदर असलेल्या किंवा त्या विचारात असलेल्या मुलींनी मात्र ते लावू नये. तंबाखूचा धूर त्वचेला उन्हासारखाच जाळतो, तो सोडाच.

एका गोष्टीवर मी थोडी कडक बोलणार आहे. ओळखीच्या कोणी दिलेलं ‘गोरं करणारं’ क्रीम चेहऱ्याला लावू नका. अशा कित्येक ट्यूबांमध्ये बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा उजळतो, म्हणून खूष होऊन आपण ती महिनोन्महिने लावतो. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ आणि केस येतात, आणि लावणं बंद केलं की चेहरा आगीसारखा पेटतो. काही गोरेपणाच्या क्रीममध्ये पाराही सापडला आहे, त्याने मूत्रपिंडं बिघडतात. आधीच बराच काळ लावत असाल तर घाबरून एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून सोडवा.

आणि रेषांपेक्षा या गोष्टींकडे लक्ष द्या. एखादा तीळ वेडावाकडा वाढतो आहे, कडा पसरल्या आहेत, रंग एकसारखा नाही, आकार 6 मिलिमीटरहून मोठा झाला आहे. एखादी जखम आठवड्यांमागून आठवडे भरत नाही, किंवा तिथून सारखं रक्त येतं. मानेवर, काखेत काळी, मखमलीसारखी जाड कातडी आली आहे, तर रक्तातली साखर तपासा. यातलं काहीही असेल तर वाट बघू नका.

आता पर्समध्ये ज्यांनी आपापल्या ट्यूबा आणल्या आहेत, त्यांनी त्या बाहेर काढा. मागचं बारीक अक्षर आपण एकेक करून वाचूया. चष्मा लागेल, तोही काढा. पहिली ट्यूब कोणाची?