ग्रुप मेडिक्लेमच्या शिफारशीत आमच्या कमिशनचा संबंध

नाशिक, 9 जून 2025

प्रति,
मा. श्री. पाटील,
व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग,
अंबड औद्योगिक वसाहत, नाशिक.

स.न.वि.वि.

आपल्या 140 कामगारांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या ग्रुप मेडिक्लेमसाठी 2 जूनच्या पत्रात आम्ही ‘अ’ कंपनीची शिफारस केली. मात्र त्या कंपनीकडून आम्हाला इतरांपेक्षा जास्त कमिशन मिळते, हे त्यात लिहायचे राहिले. ते त्याच पत्रात यायला हवे होते, याबद्दल दिलगीर आहोत.

जीएसटी वगळून ‘अ’चा हप्ता 14,60,000 रुपये असून त्यावर आम्हाला 15 टक्के, म्हणजे 2,19,000 रुपये मिळतील. ‘ब’चा हप्ता 13,90,000 रुपये व कमिशन 10 टक्के, म्हणजे 1,39,000 रुपये आहे. म्हणजेच आपण ‘अ’ निवडल्यास आपल्याला 70,000 रुपये जास्त मोजावे लागतात आणि आमची मिळकत 80,000 रुपयांनी वाढते. (‘क’चा प्रस्ताव 10 टक्के को-पेमुळे आपणच बाजूला ठेवला आहे.) 2023 च्या नियमांनंतर कमिशनचे दर प्रत्येक कंपनीचे संचालक मंडळ ठरवते, त्यामुळे असा फरक पडतो.

शिफारशीचे मुख्य कारण खोलीभाड्याची मर्यादा हे होते. ‘ब’मध्ये ती दिवसाला 3,000 रुपये आहे, ‘अ’मध्ये 5,000. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली, की केवळ भाड्यातलाच फरक नव्हे, तर डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क अशा खर्चांतूनही त्याच प्रमाणात कपात होते. गेल्या वर्षीच्या आपल्या 23 दाव्यांपैकी 9 दाव्यांत कामगारांना हाच भुर्दंड बसला होता.

हे पत्र लिहिण्यापूर्वी आम्ही ‘ब’कडे पुन्हा विचारणा केली. 42,000 रुपये जादा हप्ता घेऊन 5,000 रुपयांची मर्यादा देण्यास ती कंपनी तयार आहे. तिचे लेखी उत्तर सोबत जोडले आहे. तसे केल्यावरही ‘ब’ 28,000 रुपयांनी स्वस्त राहते. ‘अ’च्या बाजूने मग एवढेच उरते, की ती दावे टीपीएमार्फत न हाताळता स्वतःच्या विभागातून निकाली काढते. आमच्या मते ही सोय मोलाची आहे, पण तिच्यासाठी 28,000 रुपये मोजावेत का, हे आपणच ठरवावे. या मुद्द्यावर आमचे मत पूर्णपणे निःपक्ष आहे, असे आम्ही म्हणू शकत नाही.

आमच्या कमिशनमधून आपल्याला काही सवलत मिळावी, असे आपण फोनवर सुचवले होते. विमा अधिनियम, 1938 च्या कलम 41 नुसार कमिशनचा कोणताही भाग ग्राहकाला परत देण्यास मनाई असल्याने ते शक्य नाही. कोणतीही कंपनी निवडली तरी दाव्यांच्या पाठपुराव्याचे आमचे काम तेच राहील व त्यासाठी आपल्याकडून वेगळे शुल्क घेतले जाणार नाही.

सध्याची पॉलिसी 30 जूनच्या मध्यरात्री संपते आणि हप्ता जमा झाल्याशिवाय नवे संरक्षण सुरू होत नाही. म्हणून आपला निर्णय 20 जूनपर्यंत लेखी कळवावा आणि हप्ता थेट निवडलेल्या विमा कंपनीच्या नावे भरावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
कुलकर्णी
प्रधान अधिकारी, विमा दलाल

सोबत: सुधारित तुलना-तक्ता व ‘ब’ कंपनीचे पत्र