वाचनकक्षात चित्र वाचणारा संगणक

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

येत्या सोमवारपासून वाचनकक्षातील खिडकीकडच्या टेबलावर एक संगणक आणि स्कॅनर आपल्यासाठी खुला होत आहे. त्यावर कागदाचे किंवा वस्तूचे छायाचित्र एआय साधनाला पाठवून त्याबद्दल मराठीत प्रश्न विचारता येईल. वेळ सकाळी १० ते सायंकाळी ६, प्रत्येकी अर्धा तास. नोंदवहीत नाव लिहावे, सभासदपत्र सोबत असावे. शुल्क नाही.

छापील मजकुरासाठी हे साधन खरोखर कामाचे आहे. बारीक अक्षरातले औषधाचे माहितीपत्रक मोठ्या टाइपात वाचायचे असेल किंवा स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातला आलेख समजून घ्यायचा असेल, तर जरूर या. चित्र सरळ आणि उजेडात काढलेले असावे. प्रश्नही नेमका असावा. नुसते ‘हे काय आहे?’ विचारण्याऐवजी असे लिहावे: ‘या पानावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून द्या. जे वाचता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह ठेवा, अंदाज करू नका.’ एवढे सांगूनही ते कधीकधी अंदाज करतेच, म्हणून मूळ कागद शेजारी ठेवून ताडून पाहावे. जुन्या हस्ताक्षरातले १ आणि ९ विशेष सांभाळावेत. फेरफारातला गट क्रमांक तेवढ्याने बदलतो.

मोडी कागदांबद्दल स्पष्टच लिहितो, कारण पंचवटीतून आणि त्र्यंबकेश्वरकडून वंशावळीच्या वह्यांच्या झेरॉक्स घेऊन येणारे सभासद आपल्याकडे पुष्कळ आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्द जोडून लिहिलेले असतात आणि प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे. असे पान दिले की साधन अडखळत नाही, सफाईदार मराठी समोर ठेवते. त्यातले आजोबा मात्र दुसऱ्याच घरचे असू शकतात. अशा कागदासाठी मोडी वाचकाकडेच जावे. द्राक्षाच्या पानावरचा डाग केवडा की भुरी, हेही विचारायला हरकत नाही, पण तेवढ्यावर फवारणी ठरवू नये.

पाठवलेले चित्र वाचनालयात राहत नाही, ते बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर जाते. त्यामुळे आधार, पॅन, बँक पासबुक, दवाखान्याचे रिपोर्ट आणि दुसऱ्याचे फोटो या संगणकावरून पाठवू नयेत. लहान मुलांचे तर मुळीच नाहीत. उठताना ‘लॉग आउट’ करून स्कॅन केलेली फाइल पुसावी. जमत नसेल तर सहायकाला हाक मारावी. पेनड्राइव्ह लावता येणार नाही.

वाचनालयातील दुर्मीळ ग्रंथ स्कॅनरवर उलटे दाबू नयेत. त्यांचे पान हवे असल्यास आम्ही वरून फोटो काढून देऊ.

पहिल्या आठवड्यात रोज दुपारी ४ वाजता मी स्वतः संगणकापाशी असेन. ज्येष्ठ सभासदांनी आपले कागद घेऊन त्याच वेळी यावे.

आपला,
ग्रंथपाल
नाशिक