खाऊचा डबा: ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५चे नूतनीकरणाचे संदेश आणि पोस्ट

व्हॉट्सॲप, रविवार २८ सप्टेंबर. सगळ्या मासिक सभासदांना

नमस्कार,

तुमच्या खाऊच्या डब्याचं ऑक्टोबरचं नूतनीकरण पुढच्या रविवारी, ५ तारखेला आहे. या वेळी खात्यातून ६०८ रुपये जातील. हो, ६४९ नाहीत. पाकीटबंद चिवडा, शेव, फरसाण यांच्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कर जेवढा उतरला तेवढी किंमत आम्ही उतरवली. ऑटोपेला तुम्ही दिलेली परवानगी 'जास्तीत जास्त ६४९'ची आहे, त्यामुळे तुम्हाला काहीही बदलावं लागणार नाही.

डबे दादरहून शनिवारी ११ तारखेला निघतील. वसुबारस १७ला आहे आणि त्या आठवड्यात कुरियरवाल्यांचा काही भरवसा नसतो, म्हणून ही घाई. दिवाळीला गावी जाणार असाल तर ८ तारखेपर्यंत गावचा पत्ता कळवा, तिकडे पाठवू. सोसायटीत गेटवर ठेवायचा की घरी द्यायचा, तेही याच संदेशाखाली लिहा.

हा महिना नको असेल तर शुक्रवारी रात्रीपर्यंत उत्तरात फक्त "थांबा" लिहा. कारण सांगायची गरज नाही.

इन्स्टाग्राम पोस्ट, बुधवार १ ऑक्टोबर

ऑक्टोबरच्या डब्यात लाडू नाहीत. करंज्याही नाहीत.

तुमच्या घरी होणार आहेत. शेजारच्या काकूंकडून ताट येणार आहे, मावशी डोंबिवलीहून पिशवी भरून आणणार आहे, ऑफिसातूनही एक खोका मिळणार आहे. त्यात आमचा बेसनाचा लाडू कुठे टिकणार?

म्हणून ज्या पदार्थांचं नाव काढलं की घरात "यंदा राहू दे" असं ऐकू येतं, तेच घेतले आहेत.

अनारसे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग निथळून ओलसर असतानाच कुटायचे, गुळात मळून ठेवायचे. एवढं करूनही तुपात सोडल्यावर अनारसा हसला की सगळं पाण्यात. हे काम आम्ही डोंबिवलीतल्या एका बचत गटाकडे दिलं आहे. त्यांचेही थोडे हसतात. ते त्या स्वतः खातात, डब्यात येत नाहीत. डब्यात आठ अनारसे, खसखशीची बाजू वर.

चिरोटे. पाक न पाजता, वरून पिठीसाखर.

कडबोळी. भाजणी तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे-जिरे यांची. चकली सगळे करतात, कडबोळं वळायला कोणी बसत नाही.

मालवणी खाजं. जत्रेत मिळतं तसंच, गूळ आणि आलं घातलेलं. दात जपून.

आणि वसईची सुकेळी. राजेळी केळी वाळवून केलेली. एकदाच पाठवली होती. तेव्हापासून "परत कधी" हा प्रश्न सुरू आहे, तर आता.

सभासद असाल तर काही करायचं नाही. नसाल तर रविवारी रात्री १० पर्यंत नाव नोंदवा, त्यानंतर अनारशांची मोजणी बंद होते.

व्हॉट्सॲप, शनिवार ४ ऑक्टोबर

आज तुम्हाला बँकेकडून किंवा यूपीआय ॲपवर "उद्या ६०८ रुपये वजा होतील" अशी सूचना आली असेल. ती खरी आहे आणि आमच्याच डब्याची आहे. आपोआप पैसे जाण्याआधी किमान २४ तास अशी सूचना द्यावीच लागते.

आम्ही मात्र कधीही लिंक दाबायला, ओटीपी सांगायला किंवा क्यूआर कोड स्कॅन करायला सांगत नाही. आमच्या नावाने कोणी तसं सांगितलं तर फोन ठेवून द्या आणि इथे कळवा.

व्हॉट्सॲप, सोमवार ६ ऑक्टोबर. ज्यांचे पैसे वळते झाले नाहीत त्यांनाच

कालचं नूतनीकरण झालं नाही. बहुतेक वेळा कार्डाची मुदत संपलेली असते किंवा ऑटोपे जोडलेल्या खात्यात त्या क्षणी पैसे कमी असतात. उद्या सकाळी आम्ही आणखी एकदा प्रयत्न करू, त्यानंतर नाही. तुमचा डबा गुरुवारपर्यंत बाजूला ठेवला आहे. आज कोजागरी, दूध आटवता आटवता बघितलंत तरी चालेल.

ईमेल, "सभासदत्व बंद करा" हे बटण दाबणाऱ्यांना

विषय: बंद करतो आहोत. त्याआधी दोन पर्याय

नमस्कार,

तुमची विनंती मिळाली. खाली काहीच केलं नाहीत तर सभासदत्व आज रात्री बंद होईल आणि पुढचे पैसे जाणार नाहीत. ऑटोपेची परवानगीही आम्ही आमच्या बाजूने रद्द करू. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन ती गेली आहे ना, हे एकदा तुम्हीही बघून घ्या. आमच्याच काय, कुठल्याही मासिक सेवेच्या बाबतीत ही सवय बरी.

बंद करणारे बरेच जण एकच गोष्ट लिहितात: मागचाच अजून संपला नाही. खाऊ आवडला नाही असं नसतं. घरात दोनच माणसं असतात, एकाला डॉक्टरांनी तळलेलं कमी करायला सांगितलेलं असतं, मुलगा शिकायला पुण्याला गेलेला असतो. फडताळात तीन पाकिटं उघडी, क्लिप लावलेली, त्यातला चिवडा सादळलेला, आणि खाली वॉचमन नवा डबा घेऊन उभा. आपण पैसे देऊन घरात ओझं मागवतो आहोत असं वाटणारच. अशा वेळी "आता तरी राहा" म्हणून सवलत देणं आम्हाला पटत नाही. स्वस्तात आलं तरी ओझं ते ओझंच.

त्यापेक्षा डबा अर्धा करा. त्याच पदार्थांची छोटी पाकिटं, ३४० रुपये. किंवा एक महिन्याआड घ्या. दोन्हींपैकी जे हवं ते उत्तरात एका शब्दात लिहा: "अर्धा" किंवा "एकाआड". डब्यात गोड नको, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, लसूण चालत नाही, हेही त्यातच लिहा.

पदार्थ खराब आला म्हणून जात असाल तर मात्र थांबा म्हणणार नाही. पाकिटावरच्या उत्पादन तारखेचा फोटो पाठवा. त्या डब्याचे पैसे परत मिळतील, सभासदत्व ठेवा किंवा नका ठेवू.

व्हॉट्सॲप, गुरुवार ३० ऑक्टोबर. ऑक्टोबरला "थांबा" म्हणालेल्यांना

नमस्कार,

भाऊबीज होऊन आठवडा झाला. घरात आता तळाशी चार शंकरपाळ्या, तुटक्या चकल्या आणि कोणीच हात न लावलेला सोनपापडीचा खोका असेल. नोव्हेंबरच्या डब्यात म्हणून गोडाचा कण नाही: सोलापुरी शेंगा चटणी, भडंग, ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, लसणाची शेव आणि भाजून खायचे नाचणीचे पापड. चटणी तिखट आहे. भाकरीबरोबर, वर कच्चं तेल घालून खा. नुसती चमच्याने खाल तर जबाबदारी तुमची.

तुमचा थांबा एकाच महिन्याचा होता, म्हणून नूतनीकरण बुधवारी ५ नोव्हेंबरला आपोआप सुरू होईल, ६०८ रुपये. डबे शनिवारी ८ला निघतील. अजून फराळच संपला नसेल तर परत "थांबा" लिहा, सोमवारी रात्रीपर्यंत. किती वेळा थांबता येतं असं काही जणांनी विचारलं होतं. हवं तितक्या वेळा.

पत्ता बदलून गावचा दिला होतात का? मुंबईचा पुन्हा टाका, नाहीतर शेंगा चटणी थेट सावंतवाडीला जाईल.