घंटागाडीच्या अनियमित फेऱ्यांबाबत रहिवाशांचे निवेदन (सुधारित)

दिनांक : 3 ऑगस्ट 2025
ठाणे (पश्चिम)

प्रति,
माननीय सहायक आयुक्त, प्रभाग समिती, आणि
माननीय स्वच्छता निरीक्षक, घनकचरा व्यवस्थापन विभाग

विषय : जुलै महिन्यात कचरा संकलन अनियमित झाल्याबाबत आणि फेरीची वेळ निश्चित करण्याबाबत विनंती

महोदय/महोदया,

आमच्या गल्लीतील चार सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये मिळून 104 कुटुंबे राहतात. गेल्या आठवड्यात आमच्यापैकी काहींनी कचऱ्याच्या प्रश्नावर एक पोस्ट लिहिली आणि ती बरीच फिरली. तिच्यातली तक्रार खरी होती. मात्र ती रागाच्या भरात लिहिली गेली आणि तिच्यातील दोन विधाने चुकीची होती, हे आम्ही प्रथम नमूद करतो. ‘महिनाभर गाडी फिरकलीच नाही’ असे त्या पोस्टमध्ये म्हटले होते, ते वस्तुस्थितीला धरून नाही. गाडीवरील कामगार पैसे घेतल्याशिवाय कचरा उचलत नाहीत, असेही तिच्यात म्हटले होते. त्याला आमच्याकडे कोणताही आधार नाही आणि चौकशी केली असता तसा अनुभव आलेला एकही रहिवासी पुढे आला नाही. ते विधान आम्ही मागे घेत आहोत आणि त्यामुळे ज्या कामगारांचे मन दुखावले असेल त्यांची मनापासून क्षमा मागतो. त्या पोस्टऐवजी हे निवेदन ग्राह्य धरावे, ही विनंती.

आमच्यापैकी एका इमारतीच्या वॉचमनकडे पाण्याचे टँकर आणि इतर गाड्यांची नोंद ठेवण्याची वही आहे, आणि त्या वहीत ते घंटागाडीचीही वेळ लिहून ठेवतात. ती वही आम्ही चारही संस्थांच्या सचिवांनी एकत्र बसून तपासली. जुलैच्या 31 दिवसांपैकी 17 दिवस गाडी आली आणि 14 दिवस आली नाही. न आलेल्या दिवसांपैकी चार रविवार होते. रविवारी फेरी नसते की असूनही होत नाही, हे आम्हाला कोणी कधी सांगितलेले नाही, त्यामुळे ते दिवस आम्ही तक्रारीत धरत नाही. आणखी दोन दिवस पावसाचे पाणी गल्लीच्या तोंडाशी गुडघाभर साचले होते आणि रिक्षाही आत येत नव्हती. तेही आम्ही वगळले आहेत. उरलेल्या आठ दिवसांचे कारण मात्र आम्हाला समजू शकलेले नाही. सर्वांत मोठा खंड शुक्रवार, 18 जुलै ते सोमवार, 21 जुलै असा सलग चार दिवसांचा होता.

गाडी ज्या 17 दिवशी आली, त्यांपैकी सहा दिवस ती सकाळी नऊच्या आत आली आणि अकरा दिवस साडेदहा ते दुपारी दोन यांदरम्यान केव्हातरी आली. आमच्यातील बहुतेक घरांत नवरा-बायको दोघेही नोकरीला असल्यामुळे साडेआठच्या सुमारास घराला कुलूप लागते, आणि अशा वेळी गाडीची घंटा ऐकायला घरात कोणी नसते. गाडी आलीच नाही तर होणारी अडचण उघड आहे, पण ती कधी येईल हे न कळल्यामुळे होणारी अडचण तिच्याहून फार कमी नाही, असे आमचे प्रामाणिक मत आहे. पाच दिवस आलेल्या गाडीत कप्पे नव्हते, त्यामुळे घरोघरी वेगळा करून ठेवलेला ओला आणि सुका कचरा डोळ्यांदेखत एकत्र ओतला गेला. त्यानंतर काही घरांनी कचरा वेगळा करणेच सोडून दिले आणि त्यांची समजूत घालताना आमच्याकडे उत्तर नव्हते.

19 जुलै रोजी आम्ही महापालिकेच्या ऑनलाइन तक्रार प्रणालीवर तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे ‘निवारण झाले’ असा शेरा आला. प्रत्यक्षात गाडी मंगळवार, 22 जुलै रोजी सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी आली. एकत्र ओतल्या जाणाऱ्या कचऱ्याबाबत 24 जुलै रोजी केलेली दुसरी तक्रार अद्याप प्रलंबित आहे.

त्या चार दिवसांत काय झाले तेही आपल्यासमोर ठेवतो. गल्लीच्या कोपऱ्यावर विजेची डीपी आहे आणि गाडी न आल्यावर लोक तिच्या पायथ्याशी पिशव्या ठेवून जातात. हे चुकीचे आहे आणि ही चूक आमची आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी कुत्र्यांनी आणि कावळ्यांनी पिशव्या फाडल्या होत्या, पावसाने त्यातला भात, फळांच्या साली आणि डायपर उताराने वाहून गटाराच्या जाळीत अडकले होते आणि रस्ता झाडणाऱ्या ताई ते हाताने मोकळे करत होत्या. फुटलेल्या बरणीच्या काचेने त्यांचा अंगठा कापला. तळमजल्यावरच्या एका रहिवासी काकूंनी हळद लावून फडके बांधले आणि त्या तशाच पुन्हा कामाला लागल्या. आमच्या घरातली काच कागदात गुंडाळून वेगळी दिली गेली असती आणि गाडी वेळेवर आली असती, तर हे घडले नसते.

पावसाळ्यात ही बाब केवळ दुर्गंधीची राहत नाही. नारळाच्या करवंट्या, प्लास्टिकचे पेले आणि डबे यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या डासांची पैदास आठ-दहा दिवसांत होते, आणि ओल्या कचऱ्यामुळे उंदीर वाढले की साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा धोका असतो.

घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 नुसार घरोघरी जाऊन वर्गीकृत कचरा गोळा करणे ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, तशीच कचरा ओला, सुका आणि घरगुती घातक असा वेगळा करून देणे ही आमची जबाबदारी आहे. दररोज 100 किलोपेक्षा अधिक कचरा निर्माण करणाऱ्यांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत, म्हणून आम्ही भंगारवाल्यांकडून ताणकाटा आणून एका दिवसाचा कचरा मोजला. चारही इमारतींचा मिळून ओला 74 किलो आणि सुका 31 किलो भरला. म्हणजे कोणतीही एक संस्था त्या मर्यादेजवळही जात नाही.

आमची विनंती अशी आहे की, फेरीची एक ठरावीक वेळ, शक्य असल्यास सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान, निश्चित करून ती आम्हाला कळवावी. गाडी बिघडली किंवा कामगार कमी असले तर फेरी रद्द होणे आम्ही समजू शकतो. अशा दिवशी आपल्या मुकादमांनी चार सचिवांपैकी कोणा एकाला फोन केला, तरी आम्ही कचरा इमारतीच्या आतच थांबवू. कप्पे असलेली गाडी नियमितपणे मिळावी आणि रविवारच्या फेरीबाबत खुलासा व्हावा. 27 ऑगस्ट रोजी गणेश चतुर्थी असून त्या दिवसांत निर्माल्य वाढते, त्यामुळे तत्पूर्वी या गल्लीसाठी निर्माल्य कलशाची सोय झाल्यास ते डीपीजवळ पडणार नाही. तसेच सफाई कामगारांना हातमोजे मिळावेत, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

आमच्या बाजूने 1 ऑगस्टपासून प्रत्येक इमारतीच्या फाटकाच्या आत ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे वेगळे मोठे डबे ठेवले आहेत, काच आणि सॅनिटरी कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करण्याचे ठरले आहे, आणि डीपीजवळ पिशवी ठेवणाऱ्याला संस्थेकडून लेखी समज दिली जाईल. वहीतील नोंदींच्या छायाप्रती आणि दोन्ही तक्रारींच्या पोचपावत्या सोबत जोडल्या आहेत. आपण अथवा आपले प्रतिनिधी पाहणीसाठी येणार असल्यास कोणत्याही दिवशी सकाळी आम्ही चौघेही उपस्थित राहू.

कळावे,
आपले विनीत,
चारही गृहनिर्माण संस्थांचे सचिव, रहिवाशांच्या वतीने