सूत्र शोधण्याआधी प्रवाह आणि आकार पाहा

हीट ट्रान्सफरच्या पेपरला बसणाऱ्या सगळ्यांसाठी

मुलांनो, सराव चाचणीचे पेपर तपासून झाले. आकडेमोड बहुतेकांची नीट आहे, पण मार्क गेलेत ते चुकीचं कोरिलेशन निवडल्यामुळे. प्रश्नात ‘पाइप’ दिसला की डेटा बुक उघडायचं आणि थेट डिटस-बोल्टर लिहून टाकायचं, अशी सवय लागली आहे. ती पेपरच्या आधी मोडायला हवी, म्हणून हे लिहितो आहे.

तिसरा प्रश्न आठवा. २५ मिमी व्यासाची नळी, आतून ०.०४ मी/से वेगाने पाणी, भिंतीचं तापमान कायम, प्रवाह पूर्ण विकसित. ν = 0.8×10⁻⁶ m²/s धरला तर रेनॉल्ड्स नंबर येतो १२५०. म्हणजे लॅमिनार, २३०० च्या बराच खाली. भिंतीचं तापमान कायम आहे, म्हणून Nu = 3.66. सूत्र नाही, घातांक नाही, एक आकडा, बस्स. h येतो साधारण ९० W/m²K.

डिटस-बोल्टर वापरणाऱ्यांचा Nu साडेतेराच्या आसपास आला आणि h ३३० च्या वर गेला. जवळजवळ पावणेचार पट! एका पेपरात तर Re = 1250 व्यवस्थित काढून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या आणि पुढच्याच ओळीत 0.023 Re^0.8 Pr^0.4 लिहिलं होतं. वाचून फार वाईट वाटलं. ते सूत्र Re साधारण १०,००० च्या वर असेल तेव्हाचं आहे, आणि हे त्याच पानावर शेजारी छापलेलं असतं. सूत्र उतरवताना शेजारची अटही उतरवायची.

याच प्रश्नातला ‘पूर्ण विकसित’ हा शब्द कुणीच अधोरेखित केला नाही. तो नसता तर? 0.05 Re Pr D काढा. Pr ५.४ धरला तर औष्णिक प्रवेश लांबी आठ मीटरच्या वर जाते. नळी दोन मीटरची असती तर 3.66 सुद्धा चुकलं असतं. लॅमिनार आहे हे ओळखून तिथेच थांबू नका.

नळी दिसली की आधी ठरवा, द्रव आत आहे की बाहेरून आडवा जातोय. आत असेल तर आतला व्यास आणि बल्क तापमानाचे गुणधर्म. बाहेरून आडवा असेल तर बाहेरचा व्यास, तिथली कोरिलेशन्स वेगळी आणि गुणधर्म बहुधा फिल्म तापमानाला.

सपाट प्लेटला सीमा ५ लाखांची. १ मीटर प्लेट, हवा १० मी/से, ν = 1.6×10⁻⁵ घेतला तर Re सव्वासहा लाख. निम्म्याहून जास्त मुलांनी 0.664 वालं सूत्र घेतलं आणि Nu ४६६ काढला. इथे प्लेटचा पुढचा भाग लॅमिनार आणि मागचा टर्ब्युलंट, म्हणून (0.037 Re^0.8 − 871) Pr^(1/3) लागतं. उत्तर ६५० च्या आसपास.

आता नैसर्गिक संवहन. इथे आकाराइतकीच दिशाही बघावी लागते. आपल्या वर्कशॉपचं टिनाचं छत घ्या. मे महिन्यात त्याखाली उभं राहिलं की टाळू भाजते, ते तुम्हाला सांगायला नको. त्यातला २ × ३ मीटरचा तुकडा धरा. लांबी म्हणून क्षेत्रफळ भागिले परिमिती, म्हणजे ०.६ मीटर. पत्रा खालच्या हवेपेक्षा २० अंशांनी गरम असेल तर Ra सुमारे 2.8×10⁸. गरम बाजू खाली आहे, हवा वर चढायला जागा नाही, म्हणून Nu = 0.27 Ra^(1/4) आणि h जेमतेम १.६. हाच पत्रा जमिनीलगत गरम बाजू वर करून ठेवला तर 0.15 Ra^(1/3) लागतं आणि h साडेचारच्या वर जातो. पत्रा तोच, तापमानाचा फरक तोच. खाली पंखा लावला तर आधी Gr/Re² काढा. तो एकाच्या आसपास आला तर दोन्ही संवहनांचा परिणाम धरावा लागतो.

पेपरात डेटा बुक उघडण्याआधी तीन ओळी लिहा: आकार कोणता आणि लांबी कोणती, Re किंवा Ra किती, कोणती अट लागू. मी पेपर तपासतो तेव्हा या तीन ओळींना मार्क देतो, पुढे गुणाकारात चूक झाली तरी.

गुरुवारी सकाळी साडेसातला, ऊन चढायच्या आत, वर्ग क्रमांक १२ मध्ये बसू. आपापला तपासलेला पेपर आणि डेटा बुक सोबत आणा. तिसरा प्रश्न पुन्हा सोडवून घेणार आहे, यावेळी नळी दोन मीटरची.