आठवीच्या मुलांना जलशुद्धीकरण केंद्र दाखवायला न्यायची परवानगी मिळण्याबाबत

दि. १० नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. मुख्याध्यापिका मॅडम आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

मॅडम, मागच्या मीटिंगमध्ये तोंडी बोलणं झालं होतं तेव्हा आपण म्हणालात की सगळं नीट लिहून द्या म्हणजे समितीपुढे ठेवता येईल, म्हणून हे पत्र. आठवी अ आणि ब मिळून ६२ मुलांना गुरुवारी ४ डिसेंबरला शहराबाहेरच्या जलशुद्धीकरण केंद्रात न्यायचंय. सकाळी ८ ला शाळेतून निघायचं, ९ ते १२ केंद्रात, आणि १ वाजेपर्यंत परत शाळेत. मधे कुठे गार्डन नाही, मॉल नाही, काही नाही. हे आधीच सांगते कारण ‘सहल’ म्हटलं की पालकांना आणि खरं सांगायचं तर आपल्या स्टाफलाही पिकनिकच आठवते, आणि मग परवानगीची चर्चा भलतीकडेच जाते. हे तीन तासांचं प्रॅक्टिकल आहे, फक्त लॅब मोठी आहे आणि शाळेच्या बाहेर आहे एवढंच.

आता न्यायचंच कशाला, व्हिडिओ दाखवा की, असं समितीतल्या एका सदस्यांनी विचारलं होतं, प्रश्न योग्यच आहे. व्हिडिओ मी दाखवणारच आहे, पण आधी. गाळण, निवळणं, तुरटी हे शब्द मुलांना पाचवीपासून पाठ आहेत, परीक्षेत व्याख्या लिहितात आणि मार्क घेतात, पण तुरटीने पाणी निवळतं म्हणजे नक्की काय होतं विचारलं की वर्ग शांत. मातीचे बारीक कण पाण्यात तरंगत राहतात कारण त्यांच्यावर ऋण प्रभार असतो आणि ते एकमेकांना ढकलतात, तुरटी टाकली की तो प्रभार मारला जातो आणि कण एकमेकांना चिकटून त्यांचे कापसासारखे पुंजके होतात, मग ते जड होऊन खाली बसतात. फळ्यावर हे पाच मिनिटांत सांगून होतं आणि तेवढ्याच वेळात विसरूनही जातं. केंद्राच्या लॅबमध्ये जार टेस्ट करतात, म्हणजे एका ओळीत सहा बीकर, सगळ्यांत तेच नदीचं गढूळ पाणी, प्रत्येकात तुरटीचा डोस वेगळा, वरून पंखे आधी जोरात फिरतात मग सावकाश, आणि डोळ्यांसमोर एका बीकरमध्ये पुंजके धरायला लागतात तर शेजारच्यात पाणी तसंच गढूळ. सगळ्यात जास्त तुरटीवालाच बीकर सगळ्यात स्वच्छ निघेल असं नाही, आणि मुलांना नेमकं हेच बघू दे असं मला वाटतं, कारण ‘जास्त टाकलं की जास्त चांगलं’ हा समज फक्त तुरटीपुरता नसतो. केंद्रातल्या केमिस्टांशी फोनवर बोलले, त्यांनी टेस्ट मुलांसमोर करून दाखवायला होकार दिलाय.

मुलांनी काय शिकून यावं ते थोडक्यात सांगते. नदीचं पाणी आत आल्यापासून टाकीत जाईपर्यंतचा रस्ता त्यांनी स्वतः काढायचा, हवा मिसळणं, तुरटी, निवळण्याच्या टाक्या, वाळूचे फिल्टर, क्लोरिन असा, आणि प्रत्येक टप्प्याला पाण्यातून काय कमी झालं ते लिहायचं. गढूळपणा एनटीयूमध्ये मोजतात, पिण्याच्या पाण्यासाठी आपल्या भारतीय मानकात तो १ एनटीयूपर्यंत असावा असं आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालतो, तर आत येणारं पाणी किती आणि बाहेर जाणारं किती हे आकडे मुलं मीटरवर वाचून घेतील. फिल्टर कसा धुतात तेही बघायचंय, म्हणजे खालून उलटं पाणी आणि हवा सोडतात तेव्हा वाळू उकळल्यासारखी दिसते, ते त्या दिवशी १० च्या सुमाराला करणार आहेत असं केंद्राने कळवलंय.

गणितालाही यात जागा आहे, गणिताच्या सरांशी बोलून वर्कशीट तयार केलंय. केंद्राची क्षमता दिवसाला ५ कोटी लिटर, म्हणजे सेकंदाला साधारण ५७९ लिटर, हे मुलांनी काढायचं. माणशी दिवसाला १३५ लिटर हा आपल्याकडे शहरांसाठी धरतात तो हिशोब, त्याने हे पाणी साधारण ३ लाख ७० हजार लोकांना पुरतं. मग पुढचा प्रश्न मुलांनाच विचारणार, की गळती धरली तर किती लोकांना पुरेल. टाकीची लांबी-रुंदी-खोली विचारून पाणी तिथे किती वेळ थांबतं तेही काढता येईल. आल्यावर प्रत्येक गटाने आपापल्या घरच्या नळाचं पाणी आणून तपासायचं, पीएचच्या पट्ट्या आणि क्लोरिनची डीपीडी गोळी, क्लोरिन असेल तर पाणी गुलाबी होतं, नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम उरलेलं असावं असं मानकात आहे. केंद्रापासून घरापर्यंत क्लोरिन किती कमी झालं याचा तक्ता करून विज्ञान प्रदर्शनात लावू. मार्क अंतर्गत मूल्यमापनाच्या प्रकल्पात धरू, म्हणजे वेगळा प्रकल्प नको.

सुरक्षेचं सविस्तर लिहिते कारण समितीला काळजी तिथेच असणार आणि मलाही तिथेच आहे. केंद्रात दोन धोके खरे आहेत, बाकीचे नेहमीचे. पहिला उघड्या टाक्या. कठडे आहेत, मी आणि पीटी सर गेल्या शनिवारी जाऊन बघून आलो, कमरेएवढे कठडे सगळीकडे आहेत फक्त फिल्टरच्या शेवटच्या ओळीकडे एका बाजूला नुसती साखळी आहे, तिथे मुलांना न्यायचंच नाही असं ठरवलंय. कठड्यावर चढणं, वाकून मोबाईल काढणं असलं काही नको म्हणून मोबाईल शाळेतच जमा, फोटो फक्त शिक्षक काढतील. दुसरा धोका क्लोरिन. गॅसचे मोठे सिलिंडर ठेवतात त्या खोलीच्या आसपासही मुलं जाणार नाहीत, लांबून दाखवू. क्लोरिन हवेपेक्षा जवळजवळ अडीच पट जड असतो आणि जमिनीलगत पसरतो, त्यामुळे समजा सायरन झालाच तर वाऱ्याच्या दिशेला आडवं जाऊन उंच जागी जायचं, खाली तळघरात किंवा खोलगट जागी लपायचं नाही. हे मुलांना आदल्या दिवशी वर्गात सांगणार आणि पोचल्यावर एकत्र जमायची जागाही दाखवणार. दम्याचा त्रास असलेली तीन मुलं आहेत, त्यांच्या पालकांशी मी वेगळं बोलले, डॉक्टरांनी जायला हरकत नाही असं लिहून दिलं तरच ती येतील, आणि त्यांचे इनहेलर त्यांच्या गटाच्या शिक्षकांच्या खिशात राहतील, बसमधल्या पेटीत नाही.

मुलं ६२, बरोबर चार शिक्षक (त्यात दोन मॅडम) आणि दोन पालक, म्हणजे सहा मोठे. सहा गट, चार गट दहाचे आणि दोन अकराचे, प्रत्येक गट एका मोठ्या माणसाच्या ताब्यात. याशिवाय दोन्ही बसमध्ये एकेक महिला अटेंडंट. हजेरी निघताना, पोचल्यावर, केंद्रातून निघताना आणि शाळेत आल्यावर, आणि हजेरी म्हणजे ‘सगळे आले का रे’ असं ओरडणं नाही, नाव घेऊन. बसची फिटनेस, परमिट, विमा, स्पीड गव्हर्नर आणि ड्रायव्हरचं लायसन्स याच्या झेरॉक्स आधी ऑफिसला देऊ आणि त्या दिवशी नंबर तोच आहे ना हे पीटी सर तपासतील. मागच्या वर्षी एका सहलीला ठरलेली बस सोडून दुसरीच आली होती आणि तीही उशिरा, त्यामुळे यावेळी अर्धे पैसे परत आल्यावरच द्यायचे असं बसवाल्याशी ठरवलंय, तो तयार आहे. बसमागे एका सरांची कार असेल, कोणाला बरं वाटेनासं झालं तर सगळी बस फिरवावी लागू नये म्हणून. सगळ्यात जवळचं हॉस्पिटल केंद्रापासून ६ किमीवर आहे, त्यांचा नंबर प्रत्येक शिक्षकाकडे. प्रथमोपचार पेटीत नेहमीच्या गोष्टींबरोबर सॅनिटरी पॅड्सही ठेवलेत, आणि मुलींचं टॉयलेट केंद्रात आहे, बघून आले, स्वच्छ आहे. पालकांच्या लेखी संमतीशिवाय एकही मूल बसमध्ये चढणार नाही, त्याच फॉर्मवर रक्तगट, अ‍ॅलर्जी, चालू औषधं आणि दोन फोन नंबर. पाऊस वगैरे झाला तर ११ डिसेंबर, केंद्राला तीही तारीख चालते.

खर्चाचं. दोन बस प्रत्येकी ६,५०० म्हणजे १३,००० रुपये, त्यात डिझेल-टोल सगळं आलं. नाश्ता आणि पाणी ७२ जणांचं (ड्रायव्हर धरून) माणशी ४० प्रमाणे २,८८०. पाणी तपासायचे सहा किट प्रत्येकी ३५० म्हणजे २,१००, हे नंतर नववीलाही वापरता येतील, फक्त गोळ्या भरायच्या. वर्कशीटची छपाई ६२०, पेटीतलं सामान ४००, आणि आयत्या वेळेसाठी १,५००. एकूण २०,५०० रुपये. केंद्राची प्रवेश फी नाही. आयत्या वेळचे पैसे उरले तर ऑफिसात जमा करून पावती घेईन.

मुलामागे २५० रुपये घ्यावेत असं सुचवते, म्हणजे १५,५०० होतात आणि उरलेले ५,००० शाळेच्या विज्ञान उपक्रम निधीतून मिळावेत. पण दोन्ही वर्गांत मिळून आठ मुलं अशी आहेत की २५० सुद्धा घरी मागायला कचरतील, त्यांचे २,००० रुपयेही निधीतूनच द्यावेत ही विनंती, म्हणजे एकूण ७,०००. आणि एक गोष्ट मनापासून, त्या आठ जणांची नावं वर्गात वाचली जाऊ नयेत, यादी मी बंद पाकिटात मॅडमकडे देते, बाकी कोणाला कळायचं कारण नाही. पैसे नाहीत म्हणून एखादं मूल त्या दिवशी ‘पोट दुखतंय’ सांगून घरी राहिलं तर माझ्या मते या सगळ्याला अर्थ नाही. जी मुलं दुसऱ्या कारणाने येणार नाहीत ती सातवीच्या वर्गात बसतील, त्यांचा पाठ बुडणार नाही अशी तिथल्या मॅडमशी बोलणी झालीयेत.

आता समितीकडून काय हवंय ते. तारखेला आणि खर्चाला मंजुरी, निधीतून ७,००० रुपये, आणि केंद्राच्या नावाने शाळेच्या लेटरहेडवर मॅडमच्या सहीचं विनंतीपत्र, त्याचा मसुदा जोडलाय. केंद्राला हे पत्र निदान दहा दिवस आधी लागतं, शिवाय संमतीपत्रं वाटून परत यायला आपल्याकडे एक आठवडा जातोच, त्यामुळे २० नोव्हेंबरपर्यंत निर्णय कळला तर बरं होईल. काही अट घालायची असेल, मोठी माणसं वाढवा, वेळ कमी करा, काहीही, तर तसं कळवा, मी बदल करून परत देते. मीटिंगला बोलावलंत तर जागेचे फोटो आणि नकाशा घेऊन येईन, साखळीवाली जागा कुठली तेही दाखवते.

सोबत: संमतीपत्राचा नमुना, मुलांची गटवार यादी, बसची कागदपत्रं, वर्कशीट आणि विनंतीपत्राचा मसुदा.

आपली नम्र,
वर्गशिक्षिका, आठवी अ
(विज्ञान विभाग)