६ ते १८ जुलै : अकाउंट्सचं काम प्रियाकडे

प्रिया,

सोमवार ६ तारखेपासून मी चिपळूणला आहे, २० जुलैला सोमवारी रबाळे ऑफिसला हजर. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. गावात रेंज अंगणात उभं राहिलं तरच येते, तेव्हा मेसेज टाकून ठेव, मी रात्री बघेन.

जूनचा टीडीएस ७ तारखेच्या आत भरायचाच. चलन तयार करून ठेवलंय, फक्त बँकेतून पेमेंट कर. उशीर झाला तर व्याज लागतं आणि साहेबांचं बोलणं वेगळं.

खरं डोकं लागेल ते जीएसटीआर-१ ला. शेवटची तारीख ११, तो दुसरा शनिवार आहे. बिलं ९ लाच टॅलीतून काढून सेल्स रजिस्टरशी जुळव. ई-इन्व्हॉइसची बिलं पोर्टलवर आपोआप येतात, म्हणून सगळं आलंय असं धरू नकोस, क्रेडिट नोटा एकेक बघ. वाशीच्या पार्टीचा जीएसटी नंबर नीट तपास, त्यांनी शाखा बदलली की सांगत नाहीत आणि क्रेडिट दिसलं नाही की फोन आपल्याला. फाइल करताना ओटीपी साहेबांच्या मोबाइलवर येतो. ते अकरानंतर प्लांटमध्ये असतात, तिथे फोन उचलत नाहीत, म्हणून शुक्रवारी सकाळी दहाला त्यांच्या टेबलाशी बसूनच कर. शनिवार राखीव ठेव. एखादं बिल राहिलंच तर घाबरू नकोस, ३बी भरेपर्यंत जीएसटीआर-१ए मधून सुधारता येतं.

पीएफ आणि ईएसआयसी १५ पर्यंत. हजेरी शिंदेकाका १० ला देतील, मागितल्याशिवाय देणार नाहीत.

१४ ला २बी येईल. डाउनलोड करून ठेव, मी आल्यावर जुळवते. ३बी ची मुदत २० आहे, ती माझ्याकडेच राहू दे.

ई-वे बिल : राज्याबाहेर ५० हजारांवर, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखावर. भिवंडीला जाणाऱ्या छोट्या मालाला बहुतेक लागत नाही, तरी रक्कम बघ. पावसात गाडी बंद पडून माल दुसऱ्या गाडीत चढवला, तर पार्ट-बी मध्ये नवा गाडी नंबर टाकायचा. ड्रायव्हर हे सांगत नाहीत, विचारावं लागतं. मुदत संपत आली असेल तर संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंतच वाढवता येते. सुरतच्या गाडीवर त्यासाठी लक्ष ठेव.

पार्ट्यांचे वसुलीचे फोन माझ्यासाठी थांबवले तरी चालतील. फक्त तुर्भ्याच्या ट्रान्सपोर्टरचं बिल आलं तर लगेच पास करू नकोस. दोन महिने झाले, तो थांबायचे पैसे दोनदा लावतोय. गेट रजिस्टरवर वेळ बघ, मगच सही.

पासवर्डचं पाकीट साहेबांच्या कपाटात आहे. डिजिटल सहीचं डोंगल माझ्या ड्रॉवरमध्ये, किल्ली शिंदेकाकांकडे.

सविता